अडकलेल्या कॉइनच्या डेस्कवरून

सकाळी ९
लॉगिन केलं की रात्रभरात आलेल्या तक्रारी समोर येतात. आमचं अ‍ॅप गेम खेळल्याबद्दल पैसे देतं. हे पैसे मुळात जाहिरातीचे. गेमच्या कंपनीला नवा खेळाडू मिळाला की ती ऑफरवॉल चालवणाऱ्याला पैसे देते, तो आपला वाटा ठेवून आम्हाला देतो आणि आमचा वाटा गेल्यावर उरेल ते कॉइन बनून खेळणाऱ्याच्या वॉलेटमध्ये पडतं. कंपनीकडून पैसे आले नाहीत तर वाटायला काहीच नसतं. पण अ‍ॅप उघडणाऱ्याला हे कुठेच दिसत नाही.

९.३०
पहिली तक्रार नाशिकच्या एका गृहिणीची. गेम टाकला, तीन दिवस खेळल्या, एकही कॉइन नाही. आमच्या टास्कवर त्यांनी टॅप केल्याची नोंद आहे, पण डाउनलोड अर्धवट राहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरा गेम खेळताना याच गेमची जाहिरात आली, तिच्यावर टॅप करून त्यांनी तो घेतला. शेवटचा टॅप ज्याचा, खेळाडू त्याचा, असा या धंद्याचा नियम आहे. श्रेय त्या जाहिरातीला गेलं, आमच्याकडे काहीच आलं नाही. बाईंनी फसवलं नाही, त्या खेळल्याही. तरी मला 'नाही' असंच लिहावं लागतं, पण कारण मी पूर्ण लिहिते.

११
लातूरच्या एका विद्यार्थ्याची तक्रार. हिला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. 'ताई, २४२ रुपये लिहिलंय, मला ५२च मिळाले.'

टास्क शहर वसवण्याच्या गेमचा. गेम उघडला की ५ रुपये, पाचव्या लेव्हलला १२, दहाव्याला ३५ आणि १४ दिवसांत अठराव्या लेव्हलला पोचलं तर १९०. म्हणजे कार्डावर मोठ्या अक्षरात दिसणाऱ्या रकमेतला तीन चतुर्थांशांहून जास्त भाग शेवटच्या टप्प्यात आहे.

मी हा गेम ऑफिसच्या फोनवर खेळून बघितला आहे. सुरुवातीच्या लेव्हल भराभर जातात. बाराव्यानंतर प्रत्येक लेव्हलला मुख्य इमारत वाढवावी लागते आणि ती बांधून होईपर्यंत नुसतं थांबायचं: आधी २० तास, मग ३०, ४०, ५०, ६० आणि शेवटी ७०. बेरीज २७० तास. हा मुलगा चौथ्या दिवसअखेर बाराव्या लेव्हलवर होता. हातात दहा दिवस, म्हणजे २४० तास. रात्री जागून, गजर लावून त्याने प्रत्येक बांधकाम संपल्या क्षणी पुढचं सुरू केलं असतं, तरी ३० तास कमीच पडले असते.

ते भरून काढायचा एकच मार्ग: हिरे विकत घेऊन बांधकाम लगेच पूर्ण करणं. त्या हिऱ्यांचं पॅक ४४९ रुपयांचं. १९० मिळवायला ४४९ घालवायचे. कंपनीला अठराव्या लेव्हलचा खेळाडू मोलाचा वाटतो तो यासाठीच. तिथवर गेलेल्यांत पैसे खर्च करणारे बरेच असतात, आणि पुढेही ते खर्च करतील असा तिचा हिशोब असतो.

बरं, मिळालेले ५२ तरी हातात यावेत? आमच्याकडे १०० रुपये झाल्याशिवाय यूपीआयवर काढता येत नाहीत. आता तो पुढचा टास्क घेणार. ही मर्यादा मला मनापासून खटकते.

२.३०
डबा खाऊन आल्यावर 'पेंडिंग'च्या तक्रारी. टप्पा नोंदला गेला तरी कंपनी खेळाडू खरा आहे का हे तपासेपर्यंत पैसे अडकतात. काँप्युटरवर नकली फोन चालवून किंवा व्हीपीएन लावून खेळणारे खूप आहेत, त्यामुळे तपासणी चुकीची नाही. पण तिच्यात एकाच घरातले, एकाच वायफायवरचे दोन भाऊही अडकतात. आणखी एक अडचण अँड्रॉइडची: सेटिंगमधून जाहिरातीचा आयडी डिलीट केला की अ‍ॅपला सगळे शून्य मिळतात, 00000000-0000-0000-0000-000000000000, आणि मग टॅप व डाउनलोड यांची जोडी जुळवणं अवघड होतं.

४.३०
टीमची मीटिंग. मी पुन्हा मांडलं की शेवटच्या टप्प्याला किमान किती तास थांबावं लागतं ते टास्कच्या कार्डावरच छापा. उत्तर मिळालं की मजकूर जाहिरातदाराचा असतो, त्याला हात लावता येत नाही. मग निदान रकमेचे टप्पे मोठ्या अक्षरात दाखवा, असं मी म्हटलं. ते विचारात घेतलंय.

५.३०
लातूरच्या मुलाला उत्तर लिहिलं. २७० तासांची बेरीज ओळीने मांडली, हिरे घेऊ नकोस असं स्पष्ट लिहिलं. पुढचा टास्क निवडताना शेवटच्या टप्प्याची रक्कम सोडून उरलेली पटते का ते बघ, गेम आधी कधी फोनवर टाकला असेल तर तो घेऊच नकोस, आणि सुरू करण्याआधी टास्कच्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेव, कारण अटी मध्येच बदलल्या तर तक्रारीत मला तोच जोडता येतो.