शनिवारच्या रात्रीचे तीन तास

दुसरी पाळी दुपारी 3 ते रात्री 11. शनिवारी अकरा वाजले, पण तिसऱ्या पाळीचा रिलीव्हर आलाच नाही. मशीन बंद ठेवता येत नाही, म्हणून आधीचाच कामगार रविवारी पहाटे 3 वाजेपर्यंत थांबला. रविवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. आता ओटी किती तासांचा?

हजेरीचं संगणक मध्यरात्री तारीख बदलतं. त्याच्या लेखी शनिवारी 9 तास झाले आणि रविवारी 3. रविवारपासून नवा आठवडा सुरू होत असल्याने ते 3 तास पुढच्या हिशेबात जातात. त्या आठवड्यात कामगाराने एक खाडा केला, तर त्याचे तास होतात 40 अधिक 3, म्हणजे 43. अठ्ठेचाळीसच्या आतच. त्यामुळे त्या 3 तासांना साधाच दर लागतो आणि ओटी उरतो फक्त एका तासाचा.

हे चूक आहे. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे, असं 1948चा कारखाने अधिनियम सांगत होता. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही हाच नियम ठेवला आहे. म्हणजे शनिवारचे तास 12 आणि आठवड्याचे 52. अठ्ठेचाळीसच्या वरचे 4 तास ओटीचे, आणि ते दुप्पट दराने.

दुप्पट कशाच्या? अनेक ठिकाणी फक्त मूळ वेतनाच्या दुप्पट देतात. कायद्याला अभिप्रेत असलेल्या दरात महागाई भत्ताही येतो. बोनस आणि आधीचा ओटी येत नाही. समजा, तासाला मूळ वेतन 70 रुपये आणि महागाई भत्ता 20 रुपये. दर झाला 90, ओटीचा 180. चार तासांचे 720 रुपये. संगणकाच्या हिशेबाने मात्र 180 अधिक 270, म्हणजे 450 रुपयेच हाती येतात.

याच ठिकाणी सुपरवायझर म्हणतो, "पैसे नकोत, सोमवारी चार तास उशिरा ये." कामगाराला हे सोयीचं वाटतं, पण दुप्पट मोलाच्या चार तासांची ही साध्या चार तासांशी अदलाबदल आहे. बदली सुट्टी ओटीच्या पैशांऐवजी नसते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं, तर बुडालेल्या सुट्टीची ती भरपाई असते. ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. सातही दिवस आठ-आठ तास भरले, तर 56 तास होतात. मग 8 तासांचा ओटीही मिळायला हवा आणि बदली सुट्टीही.

म्हणून पाळी संपताना तारखेपेक्षा पाळी कधी सुरू झाली ते टिपून ठेवावं. वेतनचिठ्ठीतले ओटीचे तास त्या नोंदीशी ताडून पाहिले, की मध्यरात्री हरवलेले तास सापडतात.