साहेबांना प्रश्न, पण नाव न घालता

‘टाउन हॉल’ म्हणजे कंपनीच्या वरिष्ठांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून घेतलेली सभा. निमंत्रणात तारीख-वेळ असतेच. पण रात्रपाळीवाल्यांनी ती कधी पाहायची, हे बहुतेकदा राहून जातं.

खरी मेख प्रश्नांत आहे. आयत्या वेळी माईक फिरवला, तर पगारवाढीबद्दल साहेबांसमोर कोण तोंड उघडणार? म्हणून प्रश्न आठवडाभर आधी, नाव न घालता मागवतात. गूगलमध्ये यासाठी ‘डोरी’ नावाची सोय होती. कर्मचारी प्रश्न टाकत, इतर त्याला मत देत आणि जास्त मतांचे प्रश्न वर येत. अडचणीचा प्रश्न गुपचूप गाळणं त्यामुळे अवघड होतं. मात्र फॉर्म कंपनीच्या लॉगिनने उघडत असेल, तर नाव नोंदलं जातं की नाही, हे निमंत्रणातच स्पष्ट लिहावं. नाहीतर येतात फक्त कॅन्टीनचे प्रश्न!

रेकॉर्डिंगचंही तसंच. गूगलची ही साप्ताहिक सभा 2019मध्ये महिन्यावर गेली. आतलं बोलणं बाहेर फुटतं, हे सुंदर पिचाई यांनी दिलेलं एक कारण होतं. तेव्हा चित्रीकरण होणार, लिंक कोणाला मिळणार, डाउनलोड करता येईल का, हे आधीच सांगितलेलं बरं. मुदतही सांगावी: मायक्रोसॉफ्ट टीम्सवरचं रेकॉर्डिंग, सेटिंग बदललं नाही, तर 120 दिवसांनी आपोआप काढून टाकलं जातं. बाळंतपणाच्या रजेवरून परतणारीला तोवर ते सापडायचं नाही.