फराळाचा डबा नक्की कोणाला मिळणार?

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर ‘गिव्हअवे’ सुरू होतात. घरगुती फराळ करणाऱ्या, पणत्या रंगवणाऱ्या, साड्या विकणाऱ्या बायका एखादी वस्तू बक्षीस ठेवतात आणि पाच-सहा चित्रांचा कॅरोसेल टाकतात. पहिल्या चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘फॉलो करा, मैत्रिणींना टॅग करा, जिंका!’ असतं. नागपूरची एखादी वाचक हौसेनं भाग घेते आणि डबा फक्त पुण्यातच पोहोचवणार, हे तिला निकालानंतर कळतं. खोटं कुणी बोललेलं नसतं. ती अट मजकुराच्या शेवटी होती, एवढंच. पण तिला फसल्यासारखं वाटतं आणि ते रास्तच आहे.

म्हणून ज्या अटीमुळे कुणी बाद होणार, ती पहिल्याच चित्रावर हवी. समजा, पुण्यातल्या एका घरगुती उद्योगाला फराळाचा डबा द्यायचा आहे. पहिल्या चित्रावर एवढं पुरे: ‘एका विजेत्याला १,५०० रुपयांचा फराळाचा डबा. फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या पत्त्यावर, घरपोच मोफत. मुदत शुक्रवार, १० ऑक्टोबर, रात्री ११.५९ (भारतीय वेळ).’ पुढची चित्रं न पाहणारे पुष्कळ असतात, त्यांनाही यातून खरं तेच कळतं.

मुदतीची वेळ अशी का लिहायची? ‘१० तारखेला रात्री १२ पर्यंत’ म्हटलं की काहींना ती नऊ तारखेनंतरची मध्यरात्र वाटते, काहींना दहानंतरची. ११.५९ लिहिलं की हा घोळ होत नाही. पुण्यातल्या आईवडिलांसाठी दुबईहून भाग घेणाऱ्या मुलीलाही वेळ नेमकी कळते. आणि कमेंट कमी आल्या म्हणून मुदत वाढवू नये. ज्यांनी वेळेत भाग घेतला, त्यांची संधी त्यामुळे आपसूक घटते.

दुसऱ्या चित्रावर भाग कसा घ्यायचा ते. इथे माझं मत ठाम आहे: जी अट तपासता येत नाही, ती घालूच नये. ‘स्टोरीला शेअर करा’ ही अट सर्रास दिसते. पण स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते आणि खातं खासगी असेल, तर तिला फॉलो न करणाऱ्या आयोजकाला ती दिसतच नाही. म्हणजे अट पाळूनही ती बाई यादीबाहेर राहते. त्यापेक्षा ‘आमचं खातं फॉलो करा आणि या पोस्टखाली तुमचा आवडता फराळाचा पदार्थ लिहा’ एवढंच बरं. त्याखाली एक ओळ हवीच: ‘एका व्यक्तीची एकच नोंद धरू, कमेंट कितीही केल्या तरी.’ नाहीतर पन्नास कमेंट करणारी पन्नास संधी आहेत असं समजून बसते.

विजेता कसा निवडणार, हे सांगताना शब्दांची सर्वांत जास्त गल्लत होते. ‘सर्वांत छान उत्तराला बक्षीस’ म्हणायचं आणि प्रत्यक्षात चिठ्ठी काढायची, हे चालणार नाही. उत्तर निवडायचं असेल तर निवडणार कोण आणि कशावरून, ते लिहावं. सोडत असेल तर सरळ सोडत म्हणावं. आपल्या उदाहरणात समजा ४१२ कमेंट आल्या. एकाच व्यक्तीच्या जादा कमेंट आणि फॉलो न करणारी खाती वगळून २६८ नावं उरली. त्यांना कमेंटच्या क्रमानं नंबर द्यायचे, १ ते २६८ मधला एक आकडा संगणकाकडून काढून घ्यायचा आणि हे सगळं स्क्रीनवर रेकॉर्ड करून दाखवायचं. पद्धत आधीच चित्रावर असली की ‘ओळखीतल्याच कुणाला दिलं’ म्हणायला जागा उरत नाही. घरच्या आणि कामावरच्या माणसांना भाग घेता येणार नाही, हेही त्याच चित्रावर यावं.

इन्स्टाग्रामच्या नियमांनुसार या स्पर्धेशी कंपनीचा संबंध नाही, हे लिहावं लागतं आणि फोटोत नसलेल्यांना त्यात टॅग करायला सांगता येत नाही.

शेवटचं चित्र निकालाचं: ‘रविवार, १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ वाजता, याच खात्यावर. विजेत्यानं ४८ तासांत उत्तर दिलं नाही, तर त्याच यादीतून दुसरा नंबर काढू.’ आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तेव्हा विजेत्याला गुपचूप मेसेज पाठवून थांबू नये.

याच चित्रावर आणखी एक इशारा लागतो. स्पर्धा सुरू झाली की नावात एखादी अधोरेषा जास्त असलेली हुबेहूब नकली खाती उगवतात आणि कमेंट करणाऱ्यांना ‘तुम्ही जिंकलात, कुरियरचे पैसे भरा’ असा मेसेज धाडतात. ‘आम्ही पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीच मागणार नाही’ ही ओळ पहिल्याच दिवशी तिथे असली पाहिजे, कारण असे मेसेज निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.