तीस सेकंदांत स्वतःची ओळख

मुलाखतीत “स्वतःबद्दल थोडं सांगा” असं म्हटलं की बरेच उमेदवार जन्मगावापासून सुरुवात करतात. घरची माणसं, दहावी-बारावीचे टक्के, कॉलेज, छंद आणि शेवटी “मी मेहनती आहे” असं सांगता सांगता दोन-अडीच मिनिटं जातात. यातलं बरंचसं समोर ठेवलेल्या बायोडेटात असतंच. ज्या कामासाठी माणूस हवा आहे ते काम मात्र उमेदवाराच्या बोलण्यात आलंच तर अगदी शेवटी येतं.

सावकाश, नीट कळेल असं मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे ३० सेकंदांत ६० शब्द, वहीतल्या सात-आठ ओळी. तेवढ्यात सगळं आयुष्य सांगून होत नाही. केलेलं एक काम मात्र सांगता येतं.

समजा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला सांगलीकडचा एक तरुण भोसरीतल्या छोट्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीला आहे आणि चाकणच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी जाणार आहे. त्याने आधी कागद-पेन हातात घेऊ नये. लिहायला बसलं की “मी सदर कंपनीत कार्यरत आहे” अशी अर्जाची भाषा येते. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून सुचेल तसं बोलावं आणि मग तेच जसंच्या तसं उतरवून काढावं. त्या मजकुरातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: ही जागा कुणाला द्यायची हे ठरवताना याचा उपयोग होईल का? वडिलांची शेती, क्रिकेटची आवड, दहावीचे टक्के इथेच गळून पडतात.

उरतं ते बहुधा जाता जाता बोललेलं एखादं वाक्य असतं. या तरुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते दुसऱ्या मिनिटाला सापडतं: “बुशचं बोअर मोठं व्हायचं ना, मग मी इन्सर्ट बदलला की पहिला पीस मोजायला लावला.” त्याला ही रोजची किरकोळ गोष्ट वाटते. पण बोअर मोठं झालं की तो पीस सहसा दुरुस्त होत नाही, भंगारात जातो. मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचं असतं ते हेच. हे वाक्य मध्ये ठेवून बाकीचं त्याच्याभोवती रचायचं. नाव सांगून झाल्यावर ओळख अशी होते:

“मी तीन वर्षं भोसरीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे सीएनसीवर बुश बनतात. सेकंड शिफ्टला बोअर मोठं होऊन माल रिजेक्ट व्हायचा. मी बघितलं, तर इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस कुणी मोजतच नव्हतं. तो मोजायची पद्धत सुरू केली. शंभरात चार पीस जायचे, आता एखादा जातो. माझा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. तुमच्याकडे असेच पार्ट मोठ्या संख्येने बनतात, म्हणून या जागेसाठी आलोय.”

यात एकही वाक्य एका श्वासापेक्षा लांब नाही. रिजेक्ट, पीस, इन्सर्ट हे शब्द शॉपवर बोलतात तसेच ठेवले आहेत, कारण त्यांच्या जागी पुस्तकी शब्द आले की जीभ अडखळते आणि ऐकणाराही थबकतो. डिप्लोमा मुद्दाम उशिरा आला आहे. तो बायोडेटात दिसतोच.

आता हे पाठ करायचं नाही. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. वेग वाढत जातो, प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात होतो आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. त्याऐवजी भोसरी, बोअर, पहिला पीस आणि तुमचे पार्ट हे चार टप्पे लक्षात ठेवावेत आणि मधली वाक्यं दर वेळी थोडी वेगळी होऊ द्यावीत. मित्राला पाच-सहा वेळा सांगून पाहावं. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडखळायला होत असेल, तर सराव कमी पडलेला नसतो. ते वाक्यच बोलण्यासारखं नसतं. ते मोडून दोन करावीत. वेळ ४० सेकंदांवर जात असेल तर वेग वाढवू नये, एक वाक्य काढावं.

नुकतंच शिक्षण संपलेल्यांकडे नोकरीतलं काम नसतं. त्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला स्वतः केलेला भाग घ्यावा, सगळ्या गटाचं काम नव्हे.

अशी ओळख दिली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बोअर मोठं का होत होतं? झिजलेल्या इन्सर्टसाठी दिलेला ऑफसेट नवा इन्सर्ट लावल्यावरही तसाच राहायचा, हे उत्तर त्याच्याकडे तयार हवं. शंभरात चार हा आकडाही रिजेक्शनच्या रजिस्टरमधला असायला हवा. तसा नसेल तर तो काढून टाकावा आणि “रिजेक्शन बरंच कमी झालं” एवढंच म्हणावं.