किटलीचं नाव तिच्या बुडाशी असतं

संध्याकाळी चहासाठी पाणी ठेवावं आणि किटलीचा दिवाच लागू नये, ही आता घरोघरची तक्रार. कंपनीचं नाव पुसून गेलेलं असतं, पावती हरवलेली असते. मग किटलीचा समोरून एक फोटो काढून तो गूगल लेन्समध्ये टाकला जातो आणि हुबेहूब तशा पंचवीस किटल्या पडद्यावर येतात. नावं वेगळी, किमती वेगळ्या, रूप मात्र एकच.

याचं कारण धंद्यात आहे. एकाच कारखान्यातली, एकाच साच्यातली किटली अनेक कंपन्या आपापलं नाव छापून विकतात. लेन्स आकार आणि रंग जुळवून दाखवतं. आतला भाग कोणता आहे हे त्याला समोरच्या फोटोवरून कळत नाही. म्हणून समोरचा फोटो सारखी दिसणारी नवी किटली शोधायला कामाचा, पण सुटा भाग शोधायचा असेल तर किटली उलटीच करावी लागते.

प्लग काढून, पाणी ओतून टाकून बुडाचा स्टिकर आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा. अक्षरं पुसट असतील तर फ्लॅश बंद ठेवून बाजूनं टॉर्च धरावा. तिरप्या उजेडात उठावाची अक्षरं उमटतात. मॉडेल क्रमांक, व्होल्ट, वॉट एवढं मिळालं तरी निम्मं काम झालं. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या खालचा CM/L ने सुरू होणारा क्रमांक जरूर टिपावा. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो घातला की परवाना ज्या कारखान्याच्या नावावर आहे, त्याचा पत्ता लागतो. दोन वेगळ्या नावांच्या किटल्यांवर हा क्रमांक एकच निघाला, तर दोन्ही एकाच कारखान्यातल्या, आणि एकीचा भाग दुसरीला बसण्याची शक्यता चांगली.

स्टिकरच गेला असेल तर? समजा १.८ लिटरची, १५०० वॉटची स्टीलची किटली आहे आणि ती बैठकीवर थोडी फिरवली, की दिवा लागतो-विझतो. दोष बहुधा बैठक आणि किटली यांच्यामधल्या गोल जोडणीत असतो. इथे दोन फोटो हवेत: एक किटलीच्या बुडाचा, एक बैठकीचा. दोन्ही अगदी वरून, सरळ, शेजारी पट्टी ठेवून. तिरका फोटो काढला की गोलाचा लंबगोल होतो आणि माप चुकतं. जोडणीत मधला खिळा आणि भोवतीची कडी मोजावीत. साध्या किटलीत तीन संपर्क असतात. तापमान दाखवणाऱ्या डिजिटल किटलीत बहुधा पाच. तीनच्या जागी पाचची जोडणी बसत नाही.

त्या काळ्या प्लास्टिकवर बारीक अक्षरांत एखादा सांकेतिक क्रमांक असतो, जसा TM-XD-3. लेन्समध्ये फोटोचा तेवढाच तुकडा निवडून मजकूर कॉपी करावा आणि तोच शोधावा. किटलीच्या फोटोनं जे सापडलं नाही ते या सात-आठ अक्षरांनी सापडतं, कारण दुकानदार भाग याच नावानं विकतात. मग अँपिअर पाहावेत. १५०० वॉटला २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर वीज लागते. तेव्हा १० किंवा १३ अँपिअरचा भाग चालेल, ६ चा तापून वितळू शकतो. वरची आणि खालची जोडणी एकाच जातीची हवी. शंका असेल तर जोडीच घ्यावी.

प्रत्येक भाग मात्र मिळत नाही. लपलेल्या कॉइलच्या किटलीत कॉइल स्टीलच्या बुडाला कायमची जोडलेली असते. जाणकार मेकॅनिक कॉइलच्या टोकांना थेट मीटर लावून पाहतो. १५०० वॉटच्या कॉइलला सुमारे ३५ ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली. तिथे सुटा भाग शोधण्यात वेळ घालवू नये. सारखं मॉडेल पाहावं.

इस्त्रीची पद्धत हीच. माहिती बहुधा टाचेवर, म्हणजे इस्त्री उभी ठेवल्यावर जो भाग खाली येतो तिथे असते. इंडक्शन शेगडीला बाहेरचा फोटो फारसा उपयोगी नाही. आतल्या बोर्डावर छापलेला क्रमांक आणि तारांच्या जोडण्या कोणत्या जागी आहेत, हे दिसणारा फोटो लागतो. पण तो उघडणं मेकॅनिकवर सोडावं. काच फुटली असेल तर लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये घ्यावी.

नवी किटली किंवा इस्त्री घरी आली, की वापरायला काढण्याआधी तिच्या स्टिकरचा एक स्पष्ट फोटो काढून पावतीच्या फोटोशेजारी ठेवा. वाफेनं आणि उष्णतेनं सगळ्यात आधी तोच पुसला जातो.