जमीन आहे, वाडी आहे. मग टर्म विमा कशाला?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला साधारण पाच ते सात वर्षं जातात. तरीही लोकांनी पुन्हा रोपं लावली, कौलं चढवली, पर्यटकांसाठी खोल्या सुरू केल्या. हे जमलं, कारण कमावणारी माणसं घरात होती.

टर्म विमा आणि आरोग्य विमा या माणसांसाठी असतात. वादळात पडलेल्या झाडाची किंवा छपराची भरपाई त्यातून मिळत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. पण कमावणाराच गेला किंवा आजारी पडला, तर बाकीची सगळी बचत टिकते की नाही, हे या दोन विम्यांवर ठरतं.

जमीन विकून भागवता येणार नाही का?

किनारपट्टीवर हा प्रश्न हमखास येतो. अलिबाग परिसरात जमिनीचे भाव चढे आहेत, त्यामुळे 'वेळ आली तर गुंठा-दोन गुंठे काढू' असा अनेकांचा हिशेब असतो.

अडचण सातबाऱ्यावर आहे. वडिलोपार्जित जमिनीवर भाऊ, बहिणी, चुलते अशी बरीच नावं असतात. एखादा सहहिस्सेदार वारला की आधी वारस नोंद करावी लागते, फेरफार मंजूर व्हावा लागतो. वाटणी झालेली नसेल, तर खरेदीदार सगळ्यांच्या सह्या मागतो. यात काही महिने सहज जातात, वाद असेल तर वर्षं. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. अशा घाईत जमीन निघालीच, तर ती पडेल भावात जाते.

टर्म विम्याची रक्कम थेट नॉमिनीच्या बँक खात्यात येते. जमीन घाईत विकण्याची वेळ येऊ नये, हेच तिचं काम.

किती रकमेचा विमा हवा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नागावमधलं कुटुंब: नवरा ३५ वर्षांचा, बायको, दोन मुलं आणि आई. चार खोल्यांचं होमस्टे आहे, त्यासाठी काढलेल्या कर्जाचे १८ लाख बाकी आहेत. नवऱ्याचा स्वतःचा खर्च वगळून घराला महिन्याला ३० हजार लागतात, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार.

धाकटं मूल ६ वर्षांचं आहे. ते पायावर उभं राहीपर्यंत १८ वर्षं धरली, तर घरखर्चाचे होतात सुमारे ६५ लाख. महागाई आणि विम्याच्या रकमेवरचं व्याज साधारण एकमेकांना भागवतील, असं इथे धरलं आहे. त्यात कर्जाचे १८ लाख आणि मुलांच्या शिक्षणाचे १५ लाख मिळवले की ९८ लाख होतात. बँकेतल्या ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ८ लाख आहेत, ते वजा केले. उरले ९० लाख. म्हणजे एक कोटीच्या आसपासचा टर्म विमा. राहतं घर आणि वाडी वजा केलेली नाही, कारण कुटुंबाला तिथेच राहायचं आहे.

पंतप्रधान जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं. ते घ्यावंच. पण या कुटुंबाला ते सात महिनेही पुरणार नाही.

बायकोच्या नावेही विमा हवा. स्वयंपाक, खोल्यांची व्यवस्था, बुकिंगचे फोन ती सांभाळत असेल, तर तिच्यामागे ही सगळी कामं पगार देऊन करून घ्यावी लागतील.

विमा कुठे अडतो?

पहिली अडचण रोखीच्या धंद्याची. एक कोटीचा विमा देण्याआधी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. व्यावसायिकांकडून सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली जातात. कागदावर उत्पन्न कमी दाखवलं असेल, तर विमाही तेवढाच कमी मिळतो. म्हणून होमस्टे, बोट किंवा मासळीचा धंदा असेल, तर विवरणपत्र नियमित भरणं हीच विम्याची पहिली पायरी आहे.

दुसरी अडचण तंबाखूची. अर्जात 'धूम्रपान करता का' एवढंच विचारलेलं नसतं. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना हेही त्यात येतं. ते सांगितलं की हप्ता वाढतो. लपवलं आणि पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला, तर कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर असा आक्षेप घेता येत नाही. पण मृत्यू तीन वर्षं थांबेल, याची खात्री कोण देणार?

आरोग्य विमा असूनही खिशातून का भरावं लागतं?

गंभीर रुग्णाला अलिबागहून अनेकदा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला न्यावं लागतं. शहरात खोलीचं भाडं जास्त असतं, आणि पॉलिसीतली एक छोटी अट तिथेच महागात पडते.

समजा, आरोग्य विमा ५ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ५ हजार. रुग्ण १० हजारांच्या खोलीत चार दिवस राहिला. बिल ३ लाख झालं: खोलीचे ४० हजार, डॉक्टर, शस्त्रक्रिया आणि नर्सिंगचे १ लाख ६० हजार, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे १ लाख.

खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून कंपनी खोलीचे निम्मे, म्हणजे २० हजार देते. पण ती तिथेच थांबत नाही. डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा होतो, म्हणजे ८० हजार. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू होत नाही, ते १ लाख पूर्ण मिळतात. एकूण मिळाले २ लाख. ५ लाखांचा विमा असूनही १ लाख खिशातून गेले.

म्हणून पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा नाही ना, हे आधी पाहावं. कॅशलेस रुग्णालयांची यादीही फक्त अलिबागसाठी पाहू नये, पनवेल-नवी मुंबईपर्यंत तपासावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठीच. त्यामुळे तिचं कार्ड जवळ ठेवून स्वतःचा विमाही घ्यावा.

आधी काय, नंतर काय?

नागावच्या या कुटुंबाने दोन्ही विमे न घेता महिन्याला ५ हजारांची एसआयपी केली असती, तर तीन वर्षांत १ लाख ८० हजार भरून झाले असते. वर पाहिलेल्या ३ लाखांच्या एका बिलात ते संपले असते, आणि वर आणखी कर्ज झालं असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, आधी तो १८ टक्के होता. त्यामुळे ५ हजारांतून आधी दोन्ही विम्यांचे हप्ते बाजूला काढायचे आणि उरेल तेवढ्याची एसआयपी करायची. ती सुरुवातीला लहान दिसेल, पण मध्येच मोडावी लागण्याची शक्यता बरीच कमी होईल.