इंटरव्ह्यूत नकार आला? स्टेटसला काय लिहाल?

"वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू..." मेलची पहिलीच ओळ वाचून पुढचं सगळं कळतं. घरच्यांना सांगून होतं, पण इंटरव्ह्यू आहे हे माहीत असलेले मित्रमैत्रिणी अजून विचारतच असतात. मग वाटतं, एकदाच स्टेटस टाकून मोकळं व्हावं. पण लिहायचं काय? "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" असं लिहिलं तर आपल्यालाच खोटं वाटतं, आणि खरं लिहिलं तर रडगाणं होईल अशी भीती वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरमध्ये राहणारी एक मुलगी आहे. पुण्याच्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी तिचे तीन राऊंड झाले. शेवटच्या राऊंडला तिला एक्सेलमध्ये खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीचा 2बी जुळवून दाखवायला सांगितलं. तिथे ती अडकली. चार दिवसांनी नकार आला.

तिने आधी लिहिलं: "एक दार बंद झालं, की दहा उघडतात! त्यांचंच नुकसान. लवकरच मोठी बातमी देईन!"

आता हीच कॅप्शन ब्रेकअपनंतर टाकली तरी चालेल, परीक्षेत नापास झाल्यावरही चालेल. ओढूनताणून आणलेली सकारात्मकता ओळखायची ही सोपी खूण आहे: वाक्य कुठल्याही दुःखाला चिकटवता येत असेल, तर ते तुमचं नाही. शिवाय "त्यांचंच नुकसान" या शब्दांतून राग दिसतो. त्या कंपनीत सहा महिन्यांनी पुन्हा जागा निघू शकते. आणि "मोठी बातमी" हे वचन झालं. ती बातमी आली नाही, तर लोक पुन्हा विचारणारच.

त्यापेक्षा तीन साधी वाक्यं पुरतात. पहिल्यात काय घडलं ते, दुसऱ्यात कसं वाटतंय ते आणि तिसऱ्यात पुढचं एक छोटं काम, जे खरोखर तुमच्या हातात आहे. त्या मुलीची कॅप्शन मग अशी होते:

"तीन राऊंड झाले, नोकरी नाही मिळाली. वाईट वाटतंय, कारण ही मनापासून हवी होती. जीएसटीच्या प्रश्नाला अडकले, तेवढं या आठवड्यात शिकून घेणार आहे."

यात ती रडत नाही आणि उसनं हसतही नाही. खंबीरपणा दिसतो तो तिसऱ्या वाक्यात, कारण ते काम छोटं आणि ठरलेलं आहे. इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनचा सुरुवातीचा भागच दिसतो, बाकीचं 'मोर'च्या मागे जातं. म्हणून बातमी पहिल्याच वाक्यात हवी.

नकाराचं कारण कळलंच नाही तर? बऱ्याचदा कंपनी ते सांगत नाही. अशा वेळी कारण ओढूनताणून शोधू नका. तिसरं वाक्य एवढंच ठेवा: "दोन दिवस आराम, सोमवारपासून पुन्हा अर्ज."

टाकण्याआधी तीन गोष्टी बघा.

कंपनीचं किंवा इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचं नाव नको, आणि मेलचा स्क्रीनशॉटही नको. त्यात इतरांची नावं असतात. आधी त्या मेलला दोन ओळींचं आभाराचं उत्तर पाठवा, स्टेटस नंतर.

सध्या दुसरीकडे नोकरी करत असाल, तर तुम्ही इंटरव्ह्यू दिलात हे ऑफिसातही कळेल. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसच्या प्रायव्हसीत ते फक्त कोणाला दिसावं, ती नावं निवडता येतात. पाच जवळच्या माणसांपुरतं ठेवलं तरी चालतं.

लिहिलेलं एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी वाचून दुसरं वाक्य खोटं वाटलं, तर बदला. "ठीक आहे" लिहिलंय आणि ठीक नसेल, तर "अजून ठीक नाही, होईन हळूहळू" हे जास्त खरं.

स्टेटस टाकल्यावर मावशी-काकांचे फोन येतीलच: "अगं, काय झालं?" त्यासाठी एक उत्तर तयार ठेवा: "यावेळी नाही झालं, मावशी. पुढचं काही ठरलं की मीच सांगेन." एवढ्यावर विषय थांबवता येतो.

आणि लिहावंसंच वाटत नसेल, तर लिहू नका. ज्या दोघा-तिघांना इंटरव्ह्यूचं माहीत होतं, त्यांना "नाही झालं" एवढा मेसेज पाठवा. काम झालं.